खांद्यांनी चालायचे दिवस

पनवेलमध्ये माझ्याएवढे खांदे कोणाचे नव्हते. माझ्या शिंप्याला माझं माप घ्यायला दोन टेपा जोडाव्या लागायच्या आणि तरी तो म्हणायचा, उरलेलं अंदाजाने शिवतो. एका लग्नात मी दारात खुर्ची लावून बसलो होतो, तर वऱ्हाडी मागच्या दाराने आत गेले. त्यांना वाटलं हॉलवाल्याने पुढे भिंत घातली. पाय गेल्यावर माणूस अर्धा होतो असं लोक समजतात. माझ्या बाबतीत खालच्या मजल्यावरचे भाडेकरू नुसते वरच्या मजल्यावर राहायला आले होते.

मी पडलो कसा, याच्या माझ्याकडे बऱ्याच गोष्टी आहेत. रिक्षावाल्यांना सांगतो ती वेगळी, नातेवाइकांची वेगळी. एकात बिबट्या आहे. खरी गोष्ट अगदीच मरतुकडी आहे: कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी माल चढवून घ्यायचं काम बघायचो, ट्रेलरवर उभा होतो, ओल्या अँगलवरून पाय सटकला आणि खाली रचलेल्या सळयांवर पाठ टेकली. बेंबीच्या वर मी, बेंबीच्या खाली कोणीतरी दुसरा. त्या दुसऱ्याची माझी ओळख पुन्हा झाली नाही.

घरची व्यवस्था अशी होती. बायको एका शाळेच्या ऑफिसात कारकून. ती सकाळी निघायची ती संध्याकाळी यायची. मुलगी सासरी. दिवसभर घरात मी एकटा राजा. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासाच्या खुर्चीत, तिथून परत, सगळं हातांवर. दोन्ही तळवे टेकायचे, ढुंगण उचलायचं आणि स्वतःलाच उचलून शेजारी ठेवायचं, जसं एखादं पोतं ठेवतात. माझे हात चालू होते म्हणून तिची नोकरी चालू होती. हे आम्ही एकमेकांना कधी बोललो नाही, पण घराचा हिशेब याच खांबावर उभा होता.

दवाखान्यातून सुटताना मला शिकवलं होतं की बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून मधूनमधून हातांवर अंग उचलून धरायचं. मी त्याचा खेळ केला. आमच्या बिल्डिंगच्या खाली संध्याकाळी लोक जमायचे आणि मी खुर्चीच्या दांड्यांवर हात रोवून अधांतरी राहायचो. चहावाल्याचा चहा उकळून उतू जायचा, तरी मी वरच. घरात पलंगाच्या वर, मुलीच्या पाळण्याच्या कडीला, बायकोच्या भावाने जाड दोर बांधून दिला होता. त्याला लोंबकळून मी सकाळी उठून बसायचो. शिवाय दोन डंबेल्स होती, ती डोक्यावर ढकलायचो. बिल्डिंगचा उतार चढताना मदत घेत नसे. आता आमच्या बिल्डिंगचा उतार हा माणसासाठी नाही, स्कूटरसाठी केलेला आहे. त्यावर स्कूटरसुद्धा पहिल्या गिअरमध्ये धापा टाकते.

मग उजवा खांदा दुखायला लागला. आधी केस विंचरताना. मग कपाटातल्या वरच्या डब्याला हात घालताना. मग रात्री त्या कुशीवर वळताना. मी केस बारीक कापून घेतले आणि डबे खाली आणले. म्हटलं प्रश्न मिटला.

बायकोने एक दिवस भाजी चिरता चिरता विचारलं, "अहो, टॉवेल डाव्या हाताने का खांद्यावर टाकता हल्ली?"

"डाव्यालाही संधी द्यावी म्हणून."

"आणि शर्ट घालताना उजवी बाही आधी का घालता?"

"ती जवळ पडते."

तिने सुरी खाली ठेवली. "उद्या अर्धी सुट्टी टाकते. कुठे दाखवायचं ते बघू." त्या अर्ध्या सुट्टीचा मला खांद्यापेक्षा जास्त त्रास झाला.

फिजिओथेरपीची ती जागा बाजाराच्या मागे, एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर होती. मॅडम कामोठ्याच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या, बोलताना समोरच्याला ऐकू येत नसावं अशा समजुतीने बोलणाऱ्या. त्यांनी मला सदरा काढायला लावला आणि मागे जाऊन बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं कौतुक चाललंय.

"काका, कधीपासून दुखतंय?"

मी बिबट्याची गोष्ट खांद्यापर्यंत आणायला सुरुवात केली.

"काका, मी दुखण्यावरून व्यायाम ठरवणार आहे. बिबट्याचं दुखणं सांगितलंत तर व्यायामही बिबट्याचाच देईन."

मग मी खरं सांगितलं. दोर, डंबेल्स, उतार, अधांतरी राहणं, सगळं. त्यांनी माझा हात बाजूने वर नेला. अर्ध्या वाटेत दुखलं, अगदी वर गेल्यावर कमी झालं. हात बाहेरच्या बाजूला ढकलायला सांगितला आणि दोन बोटांनी अडवला. दोन बोटांनी. मी, ज्याने एकदा एका हाताने ट्रक थोपवला होता (ट्रक बंद होता, पण उतारावर होता), त्या दोन बोटांना हलवू शकलो नाही.

"पुढचं सगळं रेड्यासारखं आणि मागचं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "छाती आवळलीय, खांदे पुढे वळलेत. तुम्ही आयुष्यभर नुसतं ढकललंय. खांद्याच्या खोबणीत गोळा नीट बसवून धरणारे लहान स्नायू असतात, ते उपाशी मेलेत. त्यामुळे हात उचलला की गोळा वर सरकतो आणि मधल्या शिरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, चिमटतात. खांदा चालायला बनवलेला नाही, काका. तुम्ही त्यावर चालताय, तर त्याला निदान नीट तरी वागवा."

बायकोने विचारलं, "बरा होईल ना?"

"वाचवता येईल. नवा करता येणार नाही."

त्या वाक्याचा अर्थ मी सोयीने लावला.

कार्यक्रम लिहून मिळाला नाही, करून घेतला गेला. आधी बंदी: डोक्यावर वजन बंद, दोर काढून टाकायचा, अधांतरी राहायचं बंद. "मग जखमा?" मी विचारलं. त्यांनी मला टेबलावर कोपरं टेकून पुढे झुकायला लावलं, मग एका बाजूला कलून थोडा वेळ राहायला लावलं, मग दुसऱ्या. ढुंगणावरचा भार तसाही सुटतो, खांदा फुकट झिजत नाही. पलंगावरून खुर्चीत जाताना मध्ये गुळगुळीत लाकडी फळी, दोन्हीची उंची सारखी, हात अंगाजवळ, डोकं, जिकडे जायचं त्याच्या उलट दिशेला, आणि आज उजवीकडून गेलात तर उद्या डावीकडून. खुर्चीची मागची चाकं थोडी पुढे सरकवून घेतली, म्हणजे हात मागे ताणायला नको. आणि चाक ढकलताना टकटक नाही, एक लांब धक्का, मग हात सोडून खाली पडू द्यायचा.

मग व्यायाम. मी बाह्या सरसावल्या. त्यांनी खिडकीच्या गजाला एक पिवळा रबरी पट्टा बांधला. सगळ्यात हलका.

"हा माझ्यासाठी की तुमच्या मांजरासाठी?"

शेजारच्या बाकावरून खो खो हसण्याचा आवाज आला. तिथे व्हीलचेअरमध्ये एक चाचा बसले होते. दाढी पांढरी, टोपी जाळीची, उरणकडचे, आखातात इमारतीच्या परांचीवरून पडलेले. त्यांचं दुखणं माझ्यापेक्षा वरचं, छातीपासूनच खाली काही नाही. खुर्चीत एक पट्टा बांधून बसायचे, नाहीतर पुढे ओघळायचे.

"पैलवान," ते म्हणाले, "उसको देखके हँसो मत. आमीबी हसलो होतो. ज़रा खींचो तर खरं."

कोपर बरगडीला चिकटवायचं, मध्ये टॉवेलची गुंडाळी धरायची आणि हात दरवाजासारखा बाहेर उघडायचा. सावकाश. मी उघडला. टॉवेल पडला. पुन्हा धरला. पडला. त्यानंतर हात थरथरायला लागला, जसा नवरदेवाचा थरथरतो.

"या अल्ला," चाचा म्हणाले, "भूकंप आया."

पट्टा समोर बांधून कोपरं मागे ओढायची आणि पाठीवरची खांद्याची दोन पाती एकमेकांजवळ आणायची, कान आणि खांदे लांब ठेवून. हात सरळ ठेवून पट्टा वरून मांडीकडे आणायचा, पण हात खांद्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. पाठीखाली टॉवेलची लांब गुंडाळी ठेवून उताणं पडायचं, हात बाजूला सोडायचे, छाती उघडू द्यायची. ताकदीचं एक दिवसाआड, ताणायचं रोज. टोचलं की थांबायचं. "स्नायू दमला तर चालेल, सांधा दुखला तर नाही," हे मॅडम इतक्या वेळा म्हणाल्या की बायको झोपेत म्हणायला लागली.

आणि मग धड. मला वाटायचं धड म्हणजे खांदे आणि पाय यांच्यामध्ये असलेली रिकामी जागा. मॅडमनी मला उंच बाकाच्या कडेला बसवलं, पाय जमिनीला टेकवून, आणि हात सोडायला सांगितले. समोर स्टीलचे पेले. एका हाताने उजवीकडचा पेला उचलायचा, डावीकडे ठेवायचा, परत सरळ व्हायचं, हात न टेकता. माझ्या पोटाचे वरचे स्नायू थोडे शिल्लक होते, त्यांना कामाला लावायचं. धड जितकं पुढे झुकेल, तितका खांद्यावरचा भार हलका. धड ढिलं तर हात खांब होतो, आणि खांब कधीतरी मोडतो.

चाचांना त्याच बाकावर बसवायचे तेव्हा मॅडमचा एक हात कायम त्यांच्या पाठीमागे असायचा. पेल्यापर्यंत हात जायच्या आधीच चाचा गोणीसारखे कलायचे.

"पैलवान, माझा पेला तू उचल," ते म्हणायचे, "तुझं अर्धं तर जिंदा हाय. माझं सगळं किराये का मकान."

"चाचा, भाडं कोण भरतं?"

"बेगम."

शाळेला सुट्टी असली की बायकोही यायची; ती बाजूला बसून हसली. मी हसलो नाही. मला ते फार जवळून लागलं.

पण त्या महिन्यांत काम झालं, हे मला कबूल करावं लागेल. थाप नाही. पिवळा पट्टा जाऊन लाल आला, लाल जाऊन हिरवा. मी मित्रांना सांगायचो की हिरव्याच्या पुढचा पट्टा क्रेनवाले वापरतात. रात्री उजव्या कुशीवर झोप लागायला लागली. मी केस वाढवले, निव्वळ विंचरण्यासाठी. बायको आधी दुपारी शाळेतून फोन करायची, "उतरलात का, चढलात का." एक दिवस फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तिला विचारलं तर म्हणाली, "आठवणच झाली नाही." आमच्या संसारात एवढं गोड वाक्य ती त्याआधी बोलली नव्हती.

आता रिक्षा. आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर एक रिक्षावाला असतो, जवळच्या गावातला, माझ्याच वयाचा. तोच मला न्यायचा-आणायचा. खुर्ची घडी करून मागे बांधायचा, फळी लावायचा. एकदा मी आत सरकताना धडपडलो, ते त्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी आला तो गालातल्या गालात हसत. त्याने वरच्या लोखंडी दांड्याला एक जाड कडी वेल्ड करून घेतली होती आणि तिच्यावर सायकलची रबरी मूठ चढवली होती.

"दादा, हे खास तुमच्यासाठी हाय. हाताशी यायला पायजे ना. कळंबोलीला जाऊन करून घेतली. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाय."

मॅडमना मी सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. "काका, डोक्याच्या वर हात आणि त्यावर सगळं अंग लटकलेलं, याच्यापेक्षा वाईट काही नाही खांद्याला. त्यांना सांगा काढायला."

"सांगतो."

"नक्की?"

"मॅडम, तो पोरांनासुद्धा ती मूठ धरू देत नाही."

"तुम्ही धरू नका, एवढं सांगते. बाजूला कमरेजवळची पट्टी धरा आणि पुढे वाकून बसा."

मी सांगितलं नाही. पण धरलीही नाही. कमरेजवळची पट्टी धरून, छाती पुढे काढून, धडाने बसायचो. पुढून तो आरशात बघायचा आणि म्हणायचा, "दादा, मूठ धरा की." मी म्हणायचो, "ती जपून ठेवलीय, सणासुदीला धरू."

एका सकाळी फिजिओकडे जाताना वळणावर एक टेम्पो उलटा घुसला. रिक्षावाल्याने ब्रेक मारला. अशा वेळी ज्याचे पाय चालतात तो पाय रोवतो. त्याला कळतही नाही की आपण रोवले. माझं धड पुढे गेलं, आणि पेले उचलून जे काही शिकलो होतो ते त्या वेगापुढे पेल्याएवढंच होतं. हात वर गेला. मी नेला नाही, तो गेला. आणि ती मूठ बरोबर तिथे होती, हाताशी, जशी त्याने बसवली होती. सगळं अंग त्या एका हातावर आलं आणि आत काहीतरी जुनं धोतर फाडावं तसं फाटलं.

"लागला नाय ना, दादा?" त्याने मागे वळून विचारलं. मग मुठीकडे बघून म्हणाला, "बघा, होती म्हणून वाचलात."

मी म्हटलं, "हो रे."

त्याला आजही मी सांगितलेलं नाही. बाथरूममध्ये घसरलो अशी एक छान गोष्ट त्याच्यासाठी रचून ठेवली आहे. तिच्यात साबण आहे, पाल आहे आणि तो ती इतरांना सांगतो तेव्हा पालीचा आकार वाढवतो.

तपासणीत खांद्यातली ती शीर पूर्ण तुटलेली निघाली, आणि तुटलेलं टोक आत ओढलं गेलेलं. हाडांचे डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, शिवता येईल, पण ऊतक जुनं, झिजलेलं. धरेल की नाही सांगता येत नाही. शिवल्यावर काही आठवडे हात झोळीत, आणि त्या हातावर अंग उचलायचं नाही ते कित्येक महिने.

"आणि त्यानंतर?" बायकोने विचारलं.

"त्यानंतर पुन्हा हातावरच चालणार ना ते," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा फाटू शकतं."

मॅडमकडे गेलो. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. "काका, खांद्याला विश्रांती लागेल."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही घरी चालत जाता ना? उद्यापासून पायांना विश्रांती द्या. चालायचं नाही, उभं राहायचं नाही, संडासलाही जायचं नाही. मग मला सांगा कशी दिलीत."

त्यांनी खिडकीच्या गजाचा पट्टा सोडून गुंडाळून ठेवला. चाचा शेजारी होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि चाचांनी थट्टा केली नाही की मला भीती वाटायची.

ऑपरेशन आम्ही केलं नाही. सगळं डाव्या हातावर घेतलं. डाव्याने ते थोडे दिवस झेललं, मग तोही केस विंचरताना कुरकुरायला लागला. मॅडमनी तपासलं, हात बाजूने वर नेला, आणि अर्ध्या वाटेत थांबून माझ्याकडे बघितलं. मी "नाही दुखत" म्हणालो. त्यांनी हात खाली ठेवला. माझ्या गोष्टी कुठे सुरू होतात हे त्यांना तोवर पाठ झालं होतं.

दिवसभरासाठी एक माणूस ठेवून पाहिला. तो उचलायचा तेव्हा काखेत हात घालून ओढायचा, म्हणजे जो खांदा फाटलाय त्यालाच धरून. त्याला शिकवून झालं आणि तो दुसरीकडे गेला. दुसरा आलाच नाही. लटकवून उचलायचं यंत्र मिळतं म्हणून बघायला गेलो. त्याचे पाय आमच्या पलंगाखाली जात नव्हते आणि ते फिरवायला आमच्या खोलीपेक्षा मोठी खोली लागली असती.

बायकोने एक दिवस जेवताना सांगितलं, "मी हेडबाईंशी बोलले."

"काय बोललीस?"

"हेच."

"थांब अजून. हिरवा पट्टा परत सुरू करतो. डावा..."

"अहो," ती म्हणाली, "खा."

शाळेने तिला शाल आणि नारळ दिला. शाल चांगली होती. ती तिने माझ्या पायांवर घातली, ज्यांना थंडी वाजते की नाही हे कोणालाच माहीत नाही.

आता ती मला फळीवरून खुर्चीत घेते. मॅडमनी तिला शिकवलं आहे: गुडघे वाकवायचे, पाठ सरळ, माझ्या कमरेचा पट्टा धरायचा, हात धरायचा नाही. मी माझं काम करतो. छाती पुढे काढून नाक गुडघ्यांच्या पलीकडे नेतो, डोकं उलट दिशेला टाकतो, म्हणजे ढुंगण हलकं होतं आणि तिला कमी ओढावं लागतं. एवढं धड शिल्लक आहे. फिजिओकडे अजून जातो. पेले उचलतो, एका बाजूचे दुसऱ्या बाजूला. पट्टा नाही. मॅडम म्हणतात, आहे ते टिकवायचं. मी विचारत नाही की किती दिवस.

परवा चाचा म्हणाले, "पैलवान, आता तूबी किरायेदार." मी म्हटलं, मालकीणबाई चांगली आहे. ते हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार होतो.

बायकोने नोकरी सोडल्यावरच्या पहिल्या सकाळी मला नेहमीच्या वेळेला जाग आली. मी वाट बघत पडलो. तिने आत डोकावून विचारलं, "उठायचंय का लगेच?"

"तुला उशीर..." मी म्हणालो आणि थांबलो.

"कसला उशीर," ती म्हणाली. "चहा घेते आधी, मग घेते तुम्हाला."

ती स्वयंपाकघरात गेली. पंखा फिरत होता. खाली रिक्षा सुरू झाली, निघून गेली. मी छताकडे बघत पडून राहिलो, तिचा चहा होईपर्यंत.